मधल्या वेळेचा भत्ता

ब्रोकन ड्युटीला आमच्या एसटी डेपोत सगळे शिव्या घालत. सकाळी काळोखात गाडीवर जायचं, दोन फेऱ्या मारून दुपारी सुटायचं आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात तिकिटांची पेटी अडकवून हजर व्हायचं. काम आठ तासांचं, पण अख्खा दिवस त्याच्या दावणीला बांधलेला. मधल्या तासांचा पगार नाही. ते तास ठरल्यापेक्षा जास्त लांबले तर ब्रोकनचा भत्ता मिळायचा, तोही एवढासा. तरी ही ड्युटी मी साहेबांकडे स्वतःहून मागून घेतली होती. लोकांना वाटायचं, मी भत्त्याचा लोभी. वाटू दे म्हटलं. सगळ्यांना समजावत बसायला मला वेळ नव्हता आणि तेवढा चांगला स्वभावही नव्हता.

खरं कारण घरात होतं. आई गेल्यावर मी वडिलांना लांज्याजवळच्या गावाहून रत्नागिरीला, आमच्या दोन खोल्यांत आणलं होतं. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. बायको काजूच्या कारखान्यात जायची, ती संध्याकाळी परत येई. सकाळी ती सगळं रांधून ठेवायची, पण वडिलांनी एकदा स्वतःच पेज गरम करायला जाऊन हात भाजून घेतला. तेव्हापासून दुपारी घरात कोणीतरी असणं भाग होतं, आणि ते मला ब्रोकन ड्युटीमुळेच जमत होतं. मधले तास रत्नागिरीतच मिळायचे. मी घरी जायचो, बांगड्याचे काटे काढून त्यांच्या ताटात ठेवायचो, आणि जेवणावर ते गावच्या बांधाची, कातळावरच्या कुळथाची चौकशी करायचे. मीही शहरातच असायचो, मला काय ठाऊक? पण लांज्याकडचे उतारू गाडीत जे बोलायचे, ते मी त्यांना आणून द्यायचो.

आमच्या पगाराचं गणित सांगायला हवं. मूळ पगार आणि महागाई भत्ता महिन्याला ठरलेला. त्यावर फेरीभत्ता, तो प्रत्यक्ष मारलेल्या फेरीचा. लांबच्या फेरीला जास्त, जवळच्या फेरीला कमी. घाटात दरड आली आणि संध्याकाळची फेरी रद्द झाली, की त्या फेरीचा भत्ता गेला आणि दिवस तुटलाच नाही म्हणून ब्रोकनचाही गेला. रजा घेतली तर ठरलेला पगार चालू, वरचं सगळं बंद. त्यामुळे ताप आला तरी लोक गोळी गिळून गाडीवर चढत. आमच्या घरात वरच्या पैशांना भलताच मान होता. बायको म्हणायची, "पगारात घर चालतं, भत्त्यात माणूस जगतो." मुलीचा क्लास, वडिलांच्या डोळ्यांतले थेंब, गावच्या देवळाची पट्टी, हे सगळं भत्त्यातून निघतं असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. कागदावर कधी मांडून पाहिलं नव्हतं.

एके दुपारी माझा ड्रायव्हर जेवायला घरी आला. मनाचा मोकळा माणूस, पण तोंडाला दार नाही. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यासमोरच तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही खुळे का काय? साहेब मुंबईची गाडी देत होते आणि तुम्ही नको म्हणालात! एका खेपेचा फेरीभत्ता तुमच्या ह्या लांज्याच्या फेऱ्यांच्या किती वर जातो, कळतंय का?"

मी त्याला डोळ्यांनी दटावलं. त्याला वाटलं, मी आमटी वाढायला सांगतोय. त्याने वाटी पुढे केली.

 तो गेल्यावर वडिलांनी विचारलं, "मुंबईच्या गाडीला पगार तोच काय?"

"तोच."

"मग वरचा जास्त?"

"थोडा जास्त."

"थोडा म्हंजे किती?"

मी खोटा आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि विश्वास ठेवला नाही. आंधळ्या माणसासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही असं लोकांना वाटतं, पण वडिलांना माझा आवाज माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

दोन दिवसांनी त्यांनी माझ्या बायकोकडून धोतर धुऊन घेतलं आणि जाहीर केलं, "मी गावाक जातंय. पुतण्या हाय, त्याची बायको हाय. हितं मी चार भिंतींत बसून काय करू?" मी भांडलो. आवाज चढवून भांडलो, शेजारणीने खिडकी लावून घेतली इतका. त्यांचं एकच उत्तर, "माज्यापायी तुजा भत्ता बुडतो, ता माका जेवताना गिळवत नाय."

बायकोने डोळे पुसले, पण त्यांना अडवलं नाही. तिचाही जीव वरच्या पैशांत अडकला होता आणि माझाही. त्यांचा हट्ट आम्हाला सोयीचा होता, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

ते माझ्याच सकाळच्या गाडीने निघाले. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि तिकिटं काढत मागपर्यंत जाऊन आलो. हातखंबा यायच्या आत त्यांनी मला हाक मारली आणि चुरगळलेली नोट पुढे केली. "म्हाताऱ्याचं अर्धं फाड. कंडक्टरचा बापूस फुकट गेला म्हणून कोणी बोलाया नको." मी तिकीट फाडलं, पंच केलं आणि त्यांच्या मुठीत दिलं. सुटे पैसे मोजून दिले. बाजूच्या बाईने विचारलं, "कोण हो तुमचे?" मी बेल ओढली.

लांज्याला चुलतभाऊ उभा होता. पुढच्याच आठवड्यापासून मी मुंबईच्या गाडीवर गेलो. भत्ता वाढला. बायकोने स्टीलचं कपाट घेतलं. गावी जायला मात्र जमेना, कारण एक दिवस मुंबईत, एक दिवस परतीत, आणि सुट्टीच्या दिवशी अंग उचलत नसे. रजा टाकावी तर फेरी बुडते. पुढच्या महिन्यात जाऊ, असं म्हणत पावसाळा काढला.

मग निरोप आला, वडिलांनी अंथरूण धरलंय. तेव्हा रजा टाकली, साठवलेली सगळी. महिनाभर त्यांच्याजवळ बसलो. काटे काढायला मासळी उरली नव्हती, पेज चमच्याने भरवत होतो. एका दुपारी त्यांनी विचारलं, "आज गाडी नाय तुजी?" मी म्हटलं, "मधली वेळ हाय, बा. संध्याकाळी जाणार." त्यांना बरं वाटलं. माझा भत्ता चालू आहे या समाधानात ते गेले.

दिवसकार्य आटोपून रत्नागिरीला आलो, पगार घेतला. गाडीवर एकही दिवस गेलो नव्हतो, त्यामुळे फेरीभत्ता नाही, ब्रोकन नाही, वरचं काहीच नाही. नुसता ठरलेला पगार. मी बायकोला घाबरतच विचारलं, या महिन्यात कसं करणार?

तिने वाण्याचं, दुधाचं, क्लासचं, भाड्याचं सगळं चुकतं केलं. मग ती ओट्याशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"भागलं हो," ती म्हणाली. "नुसत्या पगारातसुद्धा भागलं."