खोडलेला डेल्टा

कॉलेजातली पोरं गणिताच्या बाईंना पाठीमागे होयबाई म्हणत. चौदा वर्षं हंगामी नोकरी करायची, दर जूनमध्ये नवं पत्र मिळवायचं, तर कोणालाही नाही म्हणून कसं चालेल? पर्यवेक्षण करता का? हो सर. रविवारी येता का? हो सर. यंदा कायम जागा निघाली होती आणि वयाची अट पाहता बाईंना ही शेवटचीच संधी होती. "आता नाही झालं तर पुरे कर," नवऱ्याने सकाळी बूट घालता घालता सांगितलं होतं.

निवड समितीसमोर फळ्यावर एक सिद्धता मांडून दाखवायची होती: x दोनकडे जाताना x² ची सीमा चार. बाकीचे उमेदवार पुस्तकातला डेल्टा (δ), म्हणजे x दोनच्या किती जवळ हवा ते अंतर, घोकून आले होते. बाईंनी स्वतःचा घेतला. x² चारपासून किती लांब चालेल तो कोणताही धन ε द्या, त्यांनी लिहिलं, δ = √(4+ε) − 2 निवडू. मग |x−2| < δ असेल तर |x+2| हे δ+4 पेक्षा कमी. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे x² चं चारपासूनचं अंतर, δ(δ+4) पेक्षा कमी, आणि तो तर बरोबर ε. खडू खाली ठेवताना त्यांना स्वतःचा चक्क अभिमान वाटला. किती वर्षांनी वाटला, देव जाणे!

समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत होते.

"एक आणि ε/5 यांतला लहान तो δ, असं घेतात ना? ते कुठंय?"

"सॉरी सर," बाई म्हणाल्या आणि डस्टर फिरवलं. δ = min(1, ε/5) लिहिलं. अंतर एकापेक्षा कमी, म्हणून |x+2| पाचपेक्षा कमी, म्हणून गुणाकार ε पेक्षा कमी. गणित चोख उतरलं.

"म्हणजे आधीचा चूक होता?"

"हो सर. चूकच होता."

"कोणत्या ओळीत?"

बाईंनी पुसलेल्या ओळी मनातल्या मनात पुन्हा तपासल्या. चूक असती तर सापडली असती. शेजारचा सदस्य खाली मान घालून हसला.

"एकाही ओळीत नव्हती," अध्यक्ष म्हणाले. "दोन्ही डेल्टा चालतात. तुमच्याहून मोठा तर घेताच येत नाही. आज सकाळपासून डोकं वापरलेलं एवढंच एक उत्तर पाहिलं." त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली. "मी नुसतं विचारलं आणि तुम्ही खोडलंत. उद्या वर्गात पोरगं बरोबर उत्तर घेऊन उभं राहिलं, तर त्याचंही खोडाल."

"नाही सर," बाई म्हणाल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

"पुढच्या उमेदवाराला पाठवा," गुणपत्रिकेवरचं बाईंचं नाव खोडत अध्यक्ष म्हणाले.