माइक बंद करायला सात सेकंद

आमची सून मालगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. कुठली गाडी कुठून सुटली, कुठे अडकली, कधी पोहोचणार, हे सगळं तिच्या लॅपटॉपवरच्या एका लांबलचक तक्त्यात असतं. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दहाव्या वर्षी ती पंक्चर काढायची. त्यामुळे तिचा हात स्थिर आहे आणि तोंड कमी चालतं. केस पेन्सिलने बांधते, चहा उभ्यानेच पिते. एखादी गोष्ट एकदा सांगितली की तिला पुन्हा सांगावी लागत नाही.

चार वर्षं ती ऑफिसला जायची. जायला दोन तास, यायला दोन तास, बहुतेक उभ्याने. मग पाठीतली एक चकती सरकली. तीन महिने अंथरुणाला खिळली. डॉक्टरने बसचा प्रवास बंद करायला सांगितला आणि साहेबाने नाक मुरडत घरून काम करायला परवानगी दिली. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल लागलं. त्याच खोलीत आम्ही दोघं म्हातारी दिवसभर असतो. अडचण तिथेच झाली.

पहिला प्रसंग माझ्या बायकोचा. मीटिंग चालू होती. सुनेने तक्ता वाचून दाखवला आणि आता साहेब बोलत होता. बरंच बोलत होता. सुनेच्या कानाला हेडफोन, समोर तक्ता. मीटिंगची खिडकी त्या तक्त्याच्या मागे दडलेली, माइक उघडा. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, त्या माणसाचं दळण अजून संपलं नाही का?"

नऊ जणांनी ऐकलं. त्यांत तो माणूसही होता.

दुसरा प्रसंग माझा. दोष कबूल करतो. सून मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि मी दारातून विचारलं, "माझी कवळी कुठे गेली? पेल्यात ठेवली होती. तो पेला कोण प्यायलं?"

गिऱ्हाईक हसलं म्हणे. साहेब हसला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. "हे शेवटचं. शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर तुम्हाला पूर्ण अहवाल द्यायचा आहे. तुमच्या घरातला एक शब्द जरी आला, तर सोमवारपासून ऑफिसला यायचं."

तिने फोन ठेवला आणि पाठीला हात लावला. म्हणजे नोकरी सोडायचा विचार झाला होता.

बायको म्हणाली, "मी शुक्रवारी देवळात जाऊन बसते."

"तू तिथूनही ऐकू येशील," मी म्हणालो.

"आणि तुम्ही दात घालून गप्प बसा."

मी खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसलो. म्हणालो, "माइक कसा बंद करतेस ते करून दाखव."

तिने दाखवलं. मी घड्याळ लावलं. हात कीबोर्डवरून उचलून माउसवर. खाली मीटिंगचं चिन्ह शोधायचं. दाबायचं. खिडकी वर यायची वाट पाहायची. त्या खिडकीत माइकचं चित्र शोधायचं. दाबायचं. सात सेकंद. पुन्हा मोजलं, सातच. एवढ्या वेळात बायको दोन माणसांची अब्रू काढू शकते.

"बटण नाही का एखादं? सरळ दाबायचं?"

"आहे, बाबा. पण ती मीटिंगची खिडकी समोर असेल तरच ते चालतं. मी तक्त्यात असले की त्याला पत्ताच नसतो."

मी छत्तीस वर्षं प्रेसवर काम केलं. पत्रा दाबणारं मशीन. तिथे लाल बटण हाताशी असतं. तुम्ही कुठेही बघत असा, काहीही करत असा, हात पडला की मशीन थांबतं. आधी अमुक ठिकाणी जाऊन उभे राहा आणि मग दाबा, असं बटण कोणी बसवत नाही. बसवलं तर बोटं मोजावी लागतील.

"असं बटण पाहिजे," मी म्हणालो. "सगळ्या खिडक्यांच्या वरचं."

तिने माउस पुढे ओढला. मग मीटिंगची खिडकी सोडून थेट संगणकाच्या सेटिंगमध्ये शिरली. कीबोर्डच्या भागात शॉर्टकटची यादी होती. त्यात आवाज कमी करा, आवाज वाढवा, आणि खाली, माइक बंद-चालू करा. समोरची जागा रिकामी. तिथे हवी ती कळ द्यायची.

"म्हणजे हे मीटिंगला सांगत नाही," ती म्हणाली. "संगणकालाच सांगतं. माइकचा नळ मुळाशीच बंद."

तिने आधी कंट्रोल आणि एम अशी जोडी दिली. दहा मिनिटांत तिचीच तक्रार आली. तक्त्यात रकाने जोडायला ती हीच जोडी वापरायची. आता रकाने जुळेनात, माइक मात्र उघडझाप करतोय. सगळ्या खिडक्यांच्या वर बसवलेलं बटण आधीच्या मालकाकडून ती कळ काढून घेतं, हे तेव्हा कळलं.

"कोणालाच नको असलेली कळ शोध," मी सांगितलं.

तिने बाहेरच्या मोठ्या कीबोर्डवर बोट फिरवलं. वर उजव्या बाजूला एक कळ आहे. तिच्यावर पॉज लिहिलंय. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही दाबली नव्हती. तीच दिली. मी पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा कापून त्या कळीवर चिकटवला. बोटाला खरखरीत लागलं की समजायचं, न बघता.

मग चाचणी. चाचणी न घेता मशीन चालू करणाऱ्याला आमच्याकडे फोरमन हाकलून द्यायचा. मुलाला फोन घेऊन गच्चीवर पाठवलं. तो तिथून मीटिंगमध्ये शिरला. सुनेने कळ दाबली. पडद्यावर माइकवर काट मारलेलं चित्र आलं. सगळं ठीक.

"झालं का बंद?" बायकोने विचारलं.

"बंद झालं, आई."

"बरं झालं. सांगते तुला आता. तुझ्या नवऱ्याला लग्नाआधी साधी चादर घडी करता येत नव्हती. मी शिकवून शिकवून थकले. शेवटी म्हटलं, येईल कोणीतरी, ती बघेल."

टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून मुलाचा बारीक आवाज आला. "आई, सगळं ऐकू येतंय."

बायकोने पदर तोंडाला लावला. सुनेने कपाळाला हात लावला. चित्रावर काट होती आणि आवाज जात होता. बसवायचं ते बटण बसवलं होतं, पण भलत्याच मशीनवर.

अर्ध्या तासाने तिला सापडलं. संगणकाला दोन माइक होते. एक लॅपटॉपच्या अंगातला, एक हेडफोनचा. संगणकाने मुख्य धरलेला माइक अंगातला. आमची कळ तोच बंद करत होती. मीटिंगला मात्र तिने कधीतरी हेडफोनचा माइक नेमून दिला होता. तिने आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा माइक मुख्य केला. मीटिंगमध्येही जाऊन सांगितलं की संगणक जो मुख्य धरेल तोच वापर. पुन्हा कळ. पुन्हा बायको बोलली, या वेळी जपून. गच्चीवरून काही उत्तर नाही. मुलगा खाली येऊन म्हणाला, "तुम्ही बोलतच नव्हता, म्हणून आलो."

वीस वेळा केलं. वीसही वेळा बरोबर.

एक गोष्ट मला खटकत होती. एकच कळ उघडते आणि तीच बंद करते. घाईत दोनदा दाबली तर? बंद केलं समजून उघडं राहायचं. पडद्यावरचं चित्र तिला दिसेल. आम्हाला कसं दिसणार?

प्रेसवर आमची एक रीत होती. मोठं मशीन सुरू करण्याआधी चालवणारा डावा हात वर करायचा. हात वर असेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

"माइक उघडला की चित्र बघायचं आणि डावा हात वर," मी सुनेला सांगितलं. "हात वर असेल तोवर आम्ही पुतळे."

"आणि मला शिंक आली तर?" बायको.

"गिळायची."

सुनेने आणखी एक नियम स्वतःच घातला. मीटिंगमधला माइक सुरुवातीला एकदा उघडायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. एका दाराला दोन कड्या असल्या की कुठली लावलीय ते आठवत नाही.

शुक्रवार आला. सून बसली. आम्ही दोघं भिंतीला टेकून. तिने उजव्या हाताने कळ दाबली, चित्र बघितलं, डावा हात वर केला आणि अहवाल दिला. बायकोने श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेतला. अहवाल संपला, कळ दाबली, हात खाली आला. साहेब आपला तक्ता दाखवत बोलू लागला.

पुढचं तिने आम्हाला नंतर सांगितलं.

मधेच गिऱ्हाईक म्हणालं, "कोणाच्या तरी घरून आवाज येतोय. एक बाई बोलताहेत."

साहेबाने यादी बघितली. सगळ्यांच्या नावापुढे माइकवर काट होती. फक्त त्याच्या आणि सुनेच्या नावापुढे नव्हती. मुळाशी बंद केलेला नळ मीटिंगला दिसत नाही. मीटिंगच्या लेखी सुनेचा माइक उघडाच. आणि साहेबाच्या कानावर मोठे जाड हेडफोन. स्वतःच्या पाठीमागचं त्याला काही ऐकू येत नव्हतं.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "पुन्हा तुमच्याच घरी! माइक बंद करा आधी."

तेवढ्यात तो आवाज सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. "अरे, गोळी घेतलीस का? आणि तो पायजमा बदल आता. तीन दिवस झाले, तोच आहे. वर कोट घालून काय उपयोग?"

आम्हाला इथे एवढंच दिसलं. सुनेने खरखरीत कळ दाबली, चित्र बघितलं, डावा हात वर केला. आम्ही पुतळे झालो.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "माझा माइक मी आत्ता या क्षणी उघडला. इतका वेळ बंद होता. बोलणाऱ्याच्या फोटोभोवती चौकट पेटते. ती तुमच्या फोटोभोवती पेटली होती."

गिऱ्हाईक म्हणालं, "हो, तुमच्याच. आईंना आमचा नमस्कार सांगा."

मग साहेबाची शोधाशोध सुरू झाली. त्याची मीटिंगची खिडकी तक्त्याच्या मागे होती. तो खिडक्या उघडत गेला, आणि त्याची आई विचारत राहिली, "एवढं काय शोधतोयस? ऐकतोस ना?"

"चौदा सेकंद लागले, बाबा," सुनेने मला नंतर सांगितलं. "मी मोजले."

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. आधी थोडा खोकला. मग म्हणाला, सोमवारी ऑफिसला यायची गरज नाही. घरूनच चालू द्या. आणि ते, माइक झटकन कसा बंद करता, ते जरा लिहून पाठवा.

तिने चार ओळींत लिहून पाठवलं. दोन माइकांचं आधी तपासा, हे पहिल्या ओळीत. मी पॉलिश पेपरचा एक तुकडा पाकिटात घालून दिला. कामाची वस्तू आहे, उगाच चेष्टा नव्हे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सुनेचा डावा हात वर होता. आम्ही गप्प. दहा मिनिटं झाली. वीस झाली. बायकोला काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचं होतं. तिचा चेहरा लाल झाला. मी हळूच उठून पाठीमागून पडद्यावर नजर टाकली. मीटिंग केव्हाच संपली होती. सून उजव्या हाताने पेरू खात होती.

माझी चाहूल लागली तशी तिने मान वळवली. डोळ्यांनी सांगितलं, बाबा, पाच मिनिटं अजून.

मी पुन्हा जाऊन भिंतीला टेकलो. बायकोला खुणेने बजावलं, मशीन चालू आहे.