कन्यादानाची झारी

“विहीणबाई, तुम्ही बाहेरच्या तर नाही ना?”

भर मांडवात, भटजींच्या माइकसमोर मुलाच्या आत्यानं मला पाळीचं विचारलं. माझ्या हातात झारी होती. कन्यादानात मुलीच्या वडलांच्या ओंजळीवर पाण्याची धार आईनं धरायची असते. धार मोडली होती.

आमचं घर बडोद्याच्या गोरवा भागातलं, कामगार वस्तीतलं. नवरा कारखान्यात फिटर. मुलाकडचं बडोद्यातलं जुनं अधिकारी घराणं. त्यांच्यापुढे आमचे सगळे सकाळपासून वाकून वागत होते.

अंगावर जरीचा शालू, पोटात नुकताच घेतलेला गरम चहा. शूटिंगवाल्यानं व्हिडिओचा दिवा तोंडावर धरला आणि छातीत भट्टी पेटली. जाळ गळ्यात चढला, कानांत, कपाळात. छाती धडधडायला लागली. घामानं कुंकू नाकावर उतरलं. झारी कलली आणि धार मोडली.

मला हे ठाऊक होतं. वर्षभर चाललं होतं. पाळी चार-चार महिने यायची नाही, मग अचानक यायची. रात्री उशी भिजायची. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, “पाळी जायच्या आधी असं होतं. आजार नाही. काही वर्षं चालेल.” घरात मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

नवरा ओठ न हलवता म्हणाला, “ऊठ. वहिनी बसेल. शोभा करू नकोस.”

मोठी जाऊ पदर खोचून उभीच होती. भटजी तोंड फिरवून बसले. मी मुलीकडे पाहिलं. हिचे डोळे पुसायला मी जन्मभर उठले. तिनं मुंडावळ्यांआड मान खाली घातली.

तेवढ्यात जाळ उतरला. नेहमीसारखाच, काही मिनिटांत. ओला ब्लाउज पाठीला गार चिकटला. हुडहुडी भरली. मांडवात एवढी माणसं, आणि माझं असं कुणी नाही.

मी झारी घट्ट धरली.

“माझी पाळी जायला आलीय. त्याचा हा घाम आहे. आणि आज आली असती, तरी उठले नसते. हिला नऊ महिने याच अंगात वाढवलंय.”

माइकनं ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. कुणीतरी हसलं. आत्या म्हणाल्या, “अगं बाई! काय ही भाषा!”

“भटजी, मंत्र म्हणा,” मी म्हटलं.

त्यांनी म्हटले. मी धार धरली. शेवटपर्यंत मोडू दिली नाही.

पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामं राहिलं. मुलगी सासरी निघाली, तेव्हा सगळ्यांच्या गळ्यात पडली. माझ्या नुसती पाया पडली. नवरा आठवडाभर बोलला नाही.

नाही बोलला तर नाही. आता कुठल्याही मांडवात कुणा बाईला असं उठवायला निघाले, तर मी तिच्या शेजारी जाऊन बसणार. आधी मला उठवा, म्हणणार.