बर्फाच्या सालीचं वजन

उमरग्याच्या दवाखान्यात मी आहार ठरवणारी बाई म्हणून रुजू झाले, ते दुष्काळानंतरचं वर्ष होतं. मुलांचा वॉर्ड सुजलेल्या पोरांनी भरला होता. पोटात प्रथिनं गेली नाहीत की अंगात पाणी साठतं. पोर गुबगुबीत दिसतं आणि आतून रिकामं होत जातं. पायावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. त्या खळग्यांची मला भीती वाटायची.

दूध काही मुलांना सोसत नसे. म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं गोठवलेले मासे देऊ केले होते. सोलापुराहून ट्रकनं पेटी यायची. भुशातून काढलेला एकेक मासा बर्फाच्या गुळगुळीत सालीत बंद असायचा आणि त्या सालीआडून त्याचा डोळा आपल्याकडे बघायचा. मासा आला की तसाच तोलायचा, ही तिथली जुनी रीत. शंभर ग्रॅम माशाला वीस ग्रॅम प्रथिनं, या हिशोबानं प्रत्येकाचा वाटा ठरे.

सास्तूरची एक सात वर्षांची मुलगी होती. तिच्या वाट्याचा मासा ती सगळा खायची, तरी सूज हटत नव्हती. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. ती रडायचीही नाही, बोलायचीही नाही. दिवसभर छताकडे बघत पडून राहायची.

एके सकाळी तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, राग नका मानू. तुमी तोलता तवा मासा एवढा असतोय. पातेल्यात गेला की एवढासा हुतोय. मधी कोण खातंय?"

स्वयंपाकीण मावशी चुलीपुढून ताडकन उठल्या. "तुळजापूरच्या आईची आण, म्या बोटबी लावलं न्हाय! पन ही म्हणती ते खरं हाय. म्याबी बघतीय, चुलीवर चढायच्या आधीच घटतंय. ह्या घरात कायतरी हाय, बाई. माशाचं मास न्हेतंय."

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. घटत होतं, हे मलाही दिसत होतं. शिजताना मासा आकसतो हे ठाऊक होतं. पण मावशी तर म्हणत होत्या, शिजवायच्या आधीच घटतो.

पुढची पेटी आली तेव्हा मी दोघींना समोर बसवलं. एक मासा तोलला. मग तो गार पाण्याच्या परातीत सोडला आणि तिघी बघत राहिलो. थोड्याच वेळात टक् असा बारीक आवाज झाला. साल एका बाजूनं तडकली आणि मासा तिच्यातून अलगद सुटून तळाशी गेला. वर तरंगत राहिली ती नुसती साल: खवल्यांच्या खुणा, शेपटीची घडी, डोळ्याच्या जागी एक वाटोळा खळगा. आत कुणी नसलेला मासा.

मुलीच्या आईनं पदर तोंडाला लावला. मावशी भिंतीला टेकल्या.

मी मासा चाळणीत निथळला, कापडानं टिपला आणि पुन्हा तोलला. पाऊण हिस्साच भरला. गोठवताना वरून पाण्याची ही साल चढवतात ती मासा सुकू नये, खवट होऊ नये म्हणून. तिच्यात लबाडी नव्हती. पण तिचं वजन आम्ही माशात धरत होतो. पाण्यात प्रथिनं कुठली? वीस ग्रॅम म्हणून दिलेल्यात पंधराच असायची.

डॉक्टरांना सांगितलं. ते सुजलेल्या मुलीच्या खाटेकडे बघत म्हणाले, "म्हणजे मासाही पाण्यानंच फुगलेला होता." त्या दिवसापासून साल उतरवून, निथळूनच तोलायचं ठरलं आणि वाटा वाढला.

सूज फक्त त्यानंच उतरली असं मी म्हणणार नाही. औषधं होती, मावशींची पेजही होती. पण ती उतरू लागली, आणि पाणी गेल्यावर पोर कसं दिसेल, हे आम्ही कुणीच आईला आधी नीट सांगून ठेवलं नव्हतं. रोज मुलगी लहान होत होती. गाल गेले, पाय काड्या झाले. एका सकाळी फुगवट्याखालून सुरकुतलेला, म्हातारा चेहरा वर आला आणि मोठे डोळे उघडले. काट्यावर तिचं वजन आली त्या दिवसापेक्षा कमी भरलं.

आई खाटेपासून मागे सरकली. "ही माजी न्हाय. माजी पोरगी कुठं न्हेली?"

मी तिचा हात धरून मुलीच्या पायावर ठेवला. "दाबा." तिनं घाबरत दाबलं. खळगा पडला नाही. खाली हाड होतं, कातडी गरम होती.

"आई," मुलगी चिडून म्हणाली, "दुकतंय की."

कितीतरी दिवसांत तिनं उच्चारलेले ते पहिले शब्द. आई खाटेवर कोसळून रडू लागली, आणि मुलगी आईच्या केसांत बोटं घालून भूक लागली म्हणून सांगू लागली.