नमस्काराच्या पुढचं

त्या सकाळी सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात नुकतीच येऊन बसले होते. सिस्टर म्हणजे एका प्रसूतिगृहाच्या मुख्य परिचारिका. मूळच्या निपाणीकडच्या. वीस वर्षं कोल्हापुरात राहूनही रागावल्या की बोलण्यात कानडी हेल यायचाच. त्या दिवशी तो आला नाही, आवाज अगदी सपाट होता, आणि त्यानंच मला भीती वाटली.

"मॅडम, इथं एक पावणं उभारल्यात. आजऱ्याचे. त्यांच्या फोनवर निरोप पूर्ण दिसतोय. माझ्या स्क्रीनवर नुसतं 'नमस्कार सिस्टर'. तुम्ही आत्ता या."

त्या प्रसूतिगृहासाठी आम्ही एक लहानसं अ‍ॅप केलं होतं. बाळंतीण घरी गेली की तिनं किंवा घरच्यांनी त्यावरून निरोप लिहायचा. तो सिस्टरांच्या टेबलावरच्या संगणकात दिसायचा, आणि त्या उत्तर द्यायच्या किंवा डॉक्टरांना सांगायच्या. गारगोटी, आजरा, पन्हाळ्याच्या पलीकडची गावं, इतक्या लांबून ओल्या बाळंतिणीला एसटीनं आणण्यापेक्षा हे बरं, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं. चार महिने ते उत्तम चाललं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

स्कूटरवरून जाताना आठवत होतं ते एवढंच, की आठ दिवसांपूर्वी सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "हल्ली बायका नुसता नमस्कार घालतात आणि पुढं काहीच लिहीत नाहीत." मी हसून म्हणाले होते, "टाइप करायचा कंटाळा, दुसरं काय."

आजऱ्याचे गृहस्थ टेबलाजवळच उभे होते. बायकोला त्यांनी आत डॉक्टरांकडे पाठवलं होतं. टाक्यांच्या जागी सूज होती, ताप होता. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. 'नमस्कार सिस्टर', मग जोडलेल्या हातांचं पिवळं चित्र, आणि त्यापुढं चार ओळी: ताप किती, सूज कुठं, कधीपासून.

"ह्ये तीन दिसामागं पाठवलंय," ते म्हणाले. "उत्तर काय आलं, वाचा की."

उत्तर सिस्टरांनीच दिलं होतं. 'नमस्कार. काळजी घ्या.'

सिस्टर टेबलाकडे बघत राहिल्या. मी मात्र जोडलेल्या हातांकडे बघत होते. निरोप नेमका तिथंच तुटला होता. चित्राच्या आधीचं सगळं शाबूत, चित्र आणि त्यापुढचं सगळं गेलेलं.

हे कसं झालं ते मला तिथं उभ्या उभ्याच कळलं. निरोप ज्यात साठतात त्या डेटाबेसमधल्या तक्त्याची, म्हणजे टेबलची, रचना माझीच होती. नव्वदच्या दशकात मी संगणक शिकले तेव्हा मराठी म्हणजे निरनिराळ्या फॉन्टांचा खेळ होता. एका मशीनवर लिहिलेलं दुसऱ्यावर भलतंच दिसायचं. दोन हजारनंतर सगळ्या लिपींसाठी एकच असं युनिकोड वापरात आलं, MySQL या डेटाबेसमध्ये ते साठवायची utf8 नावाची सोय आली, आणि मी एका दवाखान्याच्या नोंदणीसाठी पहिल्यांदा तशी टेबलं केली. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द जसाच्या तसा परत आला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. तीच रचना मी पुढं प्रत्येक कामात उचलून वापरत आले. या अ‍ॅपमध्येही.

पण MySQL चं ते utf8 अपुरं आहे. एका अक्षराला ते जास्तीत जास्त तीनच बाइट देतं. मराठी अक्षरांना तीन पुरतात, म्हणून इतकी वर्षं कधी अडलं नाही. फोनवरच्या या नव्या चित्रांना चार लागतात. चौथा बाइट आला की डेटाबेस तिथंच थांबतो, आणि सैल सेटिंग असेल तर आधीचा तुकडा ठेवून पुढचं सगळं टाकून देतो. तो एक इशारा देतो खरा, पण आमचा प्रोग्राम तो वाचतच नव्हता. बायकांनी नमस्कार केला आणि आम्ही त्यांचं बोलणं तोडलं.

"बाकीच्यांचं काय?" सिस्टर म्हणाल्या.

टेबलमध्ये जे गेलंच नाही ते टेबल दुरुस्त करून परत येणार नव्हतं. मग आठवलं: चाचणीसाठी म्हणून, आलेला प्रत्येक निरोप एका साध्या फाइलमध्ये जसाच्या तसा लिहून ठेवायची सोय मी केली होती, आणि ती बंद करायची राहून गेली होती. एरवी हा गलथानपणा म्हणून मी कुणालाही झापलं असतं. फाइल उघडली. गेल्या दहा दिवसांचं त्यात होतं, त्याआधीचं आपोआप पुसलं गेलेलं.

ही चित्रं बहुतेक त्याच दोन बाइटांनी सुरू होतात, F0 आणि 9F. त्या खुणेनं मी फाइल चाळली आणि निरोप एकेक करून वर येऊ लागले. बहुतेक साधे होते. बाळाचं वजन वाढलं, पेढे पाठवतो, हसरा चेहरा. सिस्टर माझ्या खांद्यावरून वाचत होत्या आणि वहीत नावं लिहीत होत्या. एकीला दूध येत नव्हतं. एकीनं गोळीबद्दल विचारलं होतं. मग एक आला, आदल्या संध्याकाळचा, गारगोटीच्या आतल्या एका वाडीवरून:

'नमस्कार म्याडम', जोडलेले हात, 'बाळ पिवळं दिसतंय हाता पायाचं तळवं पण पिवळं. दिसभर झोपतंय उठवलं तरी पीत न्हाय. काय करू सांगा.'

सिस्टरांनी वही खाली ठेवली. "पाचवा दिवस आहे याचा," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

फोन बंद लागत होता. परत लावला. बंद. डॉक्टरबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी निरोप उभ्यानंच वाचला. "तळव्यांपर्यंत पिवळं आणि पीत नाही, म्हणजे थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "कोण आहे तिकडं ओळखीचं?"

सिस्टरांना त्या भागातल्या आशाताईंचा, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेचा, नंबर ठाऊक होता. त्यांनी तो लावला. पलीकडून म्हशीचा आवाज येत होता. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "असशील तशी जा. बाळाला उठवून बघ आणि मला तिथनं फोन कर." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काम करा तोवर. पुन्हा असं होता कामा नये."

काम करायचं होतंच. "दहा मिनिटं नवीन निरोप येणार नाहीत," मी सांगितलं. "कुणाचा फोन आला तर बोलूनच घ्या." टेबलची एक प्रत बाजूला काढली. मग आख्खं टेबल utf8mb4 मध्ये, म्हणजे अक्षराला चार बाइट देणाऱ्या प्रकारात, बदलायची आज्ञा दिली. सोबत कोलेशनही, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवण्याचा नियम. तोही त्याच संचाचा लागतो, म्हणून utf8mb4_unicode_ci.

आज्ञा नाकारली गेली. इंडेक्सची, म्हणजे पटकन शोधायच्या सूचीची, किल्ली फार लांब आहे, ७६७ बाइटांपेक्षा जास्त चालत नाही, असं उत्तर आलं. पेशंटच्या नावाचा कॉलम मी २५५ अक्षरांचा ठेवला होता आणि त्यावर इंडेक्स होता. तीन बाइटांच्या हिशेबानं तो ७६५ मध्ये बसत होता. चारच्या हिशेबानं हजारावर गेला. इतकं लांब नाव कुणाचं असतं? तरी आधी सगळ्यांत लांब नाव किती ते पाहिलं, मग कॉलम १९१ अक्षरांवर आणला. पुन्हा आज्ञा दिली. पडद्यावर काहीच हलेना.

तेवढ्यात आशाताईंचा फोन आला. सिस्टरांनी स्पीकरवर घेतला. "बाळ लईच सुस्त हाय. चिमटा काढला तर जरा कुरकुरलं. घरची म्हंत्यात, सिस्टरनी उत्तरात काळजी घ्या म्हटलंय, म्हंजे घाबरायचं कारण न्हाय."

डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला. "त्यांना सांगा, डॉक्टर स्वतः बोलावताहेत. जीप बघा, आत्ता निघा. वाटेत चमच्यानं दूध द्यायला बघा, पण ठसका लागेल असं कोंबू नका."

टेबल बदलून झालं होतं. मी आजऱ्याच्या गृहस्थांना विनंती केली, "तोच निरोप पुन्हा पाठवता का?" त्यांनी पाठवला. स्क्रीनवर चारही ओळी आल्या. पण हातांच्या जागी प्रश्नचिन्हं होती.

"आता ह्ये काय?" ते म्हणाले.

"तुमचं बोलणं आलं. हात यायचेत."

टेबल चार बाइट घ्यायला तयार झालं होतं, पण आमचा प्रोग्राम डेटाबेसशी अजून जुन्याच utf8 नं बोलत होता. जोडणी करतानाच्या ओळीतही utf8mb4 सांगावं लागतं. मी ती ओळ बदलली आणि पुन्हा पाठवायला सांगितलं. या वेळी हात आले. खात्रीसाठी आत साठलेले बाइटही वाचून पाहिले: F0 9F 99 8F. चारही.

सगळ्यांचे कान दाराकडे होते. जीप यायला दीड तास लागला. त्या दीड तासात सिस्टरांनी वहीतल्या प्रत्येकीला फोन लावला आणि प्रत्येकीची माफी मागितली. माझी चूक त्या स्वतःच्या तोंडानं निस्तरत होत्या. मी शेजारी बसून ऐकलं.

जीप आली तेव्हा आई पुढं बसली होती, पदराखाली बाळ. डॉक्टरबाईंनी त्याला तिथंच घेतलं. संध्याकाळी ते निळ्या दिव्याखाली होतं, डोळ्यांवर पट्टी. रक्तातली काविळीची पातळी धोक्याजवळ होती, पण ओलांडली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जोरात रडलं आणि प्यायलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "धोक्यातून सुटलं." मी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसले. आजऱ्याच्या बाईंचा तापही तोवर उतरला होता.

मग आत जाऊन मी त्या आईला भेटले. वीस-एकवीसची असेल. मी कोण ते सांगितलं.

"मी समदं लिवलं हुतं की," ती म्हणाली.

"लिहिलं होतंत. तुमचं बरोबरच होतं. आमच्या मशीनला ते हातांचं चित्र ठेवता येत नव्हतं, त्यामुळं पुढचं पोचलं नाही. चूक माझी."

तिनं जरा विचार केला. "मंग हात जोडाया नको हुतं व्हय?"

"जोडा की," मी म्हणाले. "आता पोचतं."

डॉक्टरबाईंना मी सगळं लेखी दिलं, सिस्टरांच्या तक्रारीवरच्या माझ्या हसण्यासकट. त्यांनी वाचून कागद घडी करून ठेवला आणि विचारलं, "असं गुपचूप तोडणं बंद कसं होईल?"

त्याच आठवड्यात मी डेटाबेसचं कडक सेटिंग चालू केलं. न बसणारं काही आलं की तो आता तुकडा ठेवत नाही, सरळ नाकारतो, आणि पाठवणाऱ्याच्या फोनवर तसं दिसतं. रोजच्या बॅकअपलाही utf8mb4 सांगायला लागतं, नाहीतर प्रतीत चित्रांची प्रश्नचिन्हं होतात, हे दोन दिवसांनी ध्यानात आलं. कडक सेटिंगमुळं इतर फॉर्ममधल्या माझ्या जुन्या चुका एकेक करून ओरडायला लागल्या. ते निस्तरण्यात पुढचा सगळा महिना गेला.