सोमवारची ओळ

खणकर हे त्यांचं आडनाव नव्हे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही पाच जण. काही बिघडलं की चौघं बंद करून परत चालू करायच्या मागे लागायचो आणि हे गृहस्थ शांतपणे लॉग उघडून खणायला बसायचे. म्हणून खणकर. पुढे पुढे पगाराची चिठ्ठी वाटणारी बाईसुद्धा त्यांना खणकर म्हणू लागली.

सर्व्हर दिवसभर काय काय करतो ते ओळीओळीने लिहून ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काय मागितलं, काय मिळालं नाही. दिवसाला लाखभर ओळी सहज होतात. शहाणी माणसं त्यात ‘एरर’ हा शब्द शोधतात आणि सापडला की घरी जातात. खणकर लाकडी फूटपट्टी स्क्रीनला आडवी लावून एकेक ओळ वाचायचे, तीही खालून वर. शेवटची ओळ नुसती बोंब मारते, तिने स्वतः काही केलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. हा रोग घरापर्यंत गेला होता. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, “दूध उतू गेलं म्हणून सांगायला जावं, तर हे विचारतात, त्याआधी काय झालं? मी म्हटलं, त्याआधी लग्न झालं.”

त्या आठवड्यात मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही.

गुरुवारी दुपारी तिसऱ्या वॉर्डातली एक बाई गेली. किडनीचं दुखणं होतं, पण दोन दिवसांत घरी सोडणार होते. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं आणि हृदय बंद पडलं. लॅबने ते वेळेत पकडलं होतं. असा धोक्याचा रिपोर्ट आला की सर्व्हर वॉर्डच्या टॅबलेटवर लाल इशारा पाठवतो, सिस्टर तो बघून डॉक्टरांना बोलावते. पूर्वी लॅबवाला सरळ फोन करायचा. इशारे सुरू झाल्यावर संचालकांनी फोन बंद करवले, दुप्पट काम कशाला म्हणून. त्या दुपारी इशारा वॉर्डात पोचलाच नाही.

संचालकांच्या माणसाने त्या दिवसाच्या लॉगचं शेवटचं पान छापून घेतलं. त्यावर लिहिलं होतं, ‘वॉर्ड तीन उत्तर देत नाही. प्रयत्न थांबवले.’ बाकी सगळ्या वॉर्डांचे टॅबलेट चालू होते. झालं. सिस्टरने टॅबलेट बंद करून ठेवला असं ठरलं. ती सांगत होती की टॅबलेट चालू होता, आत घेतच नव्हता, नुसतं चाक फिरत होतं, तिने दोनदा बंद करून चालू केला आणि औषधांची वेळ झाली म्हणून पुढे गेली. तीस पेशंट आणि दोन सिस्टर. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच ज्यांना येतं त्यांना ते कोण सांगणार? चौकशी पुढच्या मंगळवारी ठेवली. चौकशी नावाला होती. नोकरी जाणार होती, आणि नोंदणी रद्द झाली असती तर तिला पुन्हा कुठेच सिस्टर म्हणून उभं राहता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. खणकरांना म्हणाली, “दादा, मी बंद नव्हता केला. तुम्ही तरी बघा.”

“बघतो,” ते म्हणाले. “टॅबलेट नक्की कधी अडला?”

“जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. लिफ्टपाशी नेहमीसारखं वाय-फाय गेलं. परत आलं तेव्हा आत घेईना.”

खणकरांनी फूटपट्टी काढली. मी शेजारच्याच टेबलावर, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

बोंब मारणाऱ्या ओळीच्या वर, बरंच वर, तिसऱ्या वॉर्डचा टॅबलेट दार ठोठावताना दिसला. एकदा, दोनदा, सहा वेळा. दर वेळी सर्व्हरचं उत्तर एकच: जागा नाही. म्हणजे टॅबलेट चालू होता. सिस्टर खरं बोलत होती. मला एवढ्यावरच पेढे वाटावेसे वाटले, पण खणकर म्हणाले, “त्याआधी काय झालं? जागा का नाही?”

सर्व्हरवर एका वेळी दोनशे जोडण्या चालतात. वॉर्डात सगळे मिळून टॅबलेट साठसुद्धा नाहीत. मग दोनशे जागा अडवून बसलं होतं कोण? जे टॅबलेट आधीपासून आत होते ते आतच राहिले, म्हणून बाकीच्या वॉर्डांना काही कळलं नाही. बाहेर पडून परत येऊ पाहणारा पहिला टॅबलेट या सिस्टरचा. तिच्या जागी दुसऱ्या वॉर्डाचं वाय-फाय गेलं असतं तर चौकशी तिथल्या सिस्टरची झाली असती.

सर्व्हर मधूनमधून एक साधी ओळ लिहितो: इतक्या जोडण्या चालू. त्यात ‘एरर’ नसतो, धोका नसतो, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. खणकरांनी फक्त त्या ओळी वेगळ्या काढल्या. गुरुवारी सकाळी एकशे ऐंशीच्या पुढे. बुधवारी दीडशेच्या आसपास. मंगळवारी शंभरच्या वर. आकडा चढत होता, उतरत कधीच नव्हता. आधीच्या आठवड्यात तो चाळीस, पन्नास, परत चाळीस असा श्वास घेतल्यासारखा खालीवर व्हायचा. म्हणजे सोमवारी काहीतरी झालं होतं आणि तेव्हापासून मेलेल्या जोडण्या काढून टाकणं सर्व्हरने सोडलं होतं. टॅबलेटचं वाय-फाय गेलं की जुनी जोडणी अर्धवट लटकत राहते. पंधरा मिनिटं तिच्यावर काही हालचाल झाली नाही की सर्व्हर ती तोडतो. ते तोडणं बंद झालं होतं.

सोमवारची फाइल सर्व्हरने नेहमीप्रमाणे जागा वाचवायला दाबून बाजूला ठेवलेली होती. ती त्यांनी उघडली आणि पट्टी लावून वाचू लागले. मी फोनवर कुणाशी तरी भांडत होते. भांडण संपवून वळले तर पट्टी एका ओळीखाली थांबली होती.

मी वाकून वाचलं. ‘सेटिंग बदलले. निष्क्रिय जोडणीची मुदत: आधी ९०० सेकंद, आता ०.’ पुढे बदलणाऱ्याचं नाव. खणकरांचं स्वतःचं.

“याच सिस्टरचा फोन आला होता सोमवारी,” ते म्हणाले. “हातात ग्लोव्ह्ज असतात आणि दर पंधरा मिनिटांनी पासवर्ड मागतो, काहीतरी करा दादा, म्हणाली. मी म्हटलं, बिचारीचा त्रास वाचेल. नऊशेचं शून्य केलं. शून्य म्हणजे मुदतच नाही. मेलेल्यांनाही नाही, हे मला माहीत होतं गं. त्या वेळी डोक्यात आलं नाही.”

आमच्याकडे बदल करायचा तर लेखी मागणी, दुसऱ्याची तपासणी, मग बदल असा नियम आहे. आणि ‘दादा, एवढं करा ना’ म्हटलं की हातासरशी करून टाकायचं, अशी रीत आहे. नियम भिंतीवर असतो. रीतीवर हॉस्पिटल चालतं. कितीदा चाललं होतं तसंच.

आता अजून एक गोष्ट सांगायला हवी. आमचा सर्व्हर आठवड्याच्या वरच्या फाइली आपोआप पुसतो. चौकशी मंगळवारी सकाळी होती. सोमवारची फाइल त्याच पहाटे जाणार होती. खणकरांनी खोटं बोलायची, काही लपवायची गरजच नव्हती. गुळणी धरून बसले असते तरी भागलं असतं. टॅबलेट चालू होता एवढं गुरुवारच्या फाइलवरून दाखवता येत होतं. पण जागा कशाने भरली ते दाखवता आलं नसतं, आणि संचालकांना कारण नको होतं, माणूस हवा होता. त्यांनी पुन्हा सिस्टरलाच धरलं असतं.

मी त्यांना म्हणाले, “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? आधी ती सुटते का बघू.”

“आणि नाही सुटली तर? मंगळवारी फाइल कुठून आणू?”

त्यांनी फाइलच्या दोन प्रती काढल्या, एक मला दिली, एक चौकशी समितीला पाठवली. मग मुदत परत नऊशे केली. या वेळी लेखी मागणी लिहिली आणि तपासणीला माझी सही घेतली. मला त्यांचा इतका राग आला होता की सही वाकडी आली.

मंगळवारी समितीपुढे त्यांनी सगळं खालून वर वाचून दाखवलं. सोमवारच्या ओळीशी आले तेव्हा आपलं नाव त्याच सुरात वाचलं. सिस्टरच्या फोनचा उल्लेख केला नाही. “हा बदल मी माझ्या मनाने केला,” एवढंच म्हणाले.

सिस्टर उठून उभी राहिली. “मनाने नाही. मी फोन केला होता.”

“तुम्ही त्रास सांगितला होता, सिस्टर. शून्य मी घातलं.”

संचालकांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांना माणूस मिळाला होता. लॅबचे फोन कुणी बंद करवले हा प्रश्न मी विचारला, तर तो आजचा विषय नाही असं उत्तर मिळालं. नामानिराळं राहायचं कसं ते या लोकांकडून शिकावं. सिस्टरची नोकरी राहिली. खणकरांना घरी बसवलं आणि महिन्याने काढल्याचं पत्र दिलं.

पण चौकशीच्या दिवशीच त्या वारलेल्या पेशंट बाईंच्या नवऱ्यालाही बोलावलं होतं. घरं रंगवण्याचं काम करणारा माणूस, नखांत पांढरा रंग. संचालक त्याला म्हणाले की तांत्रिक बिघाड झाला, आम्हाला अतिशय दुःख आहे. तो बाहेर आला आणि बाकावर बसलेल्या आम्हाला त्याने विचारलं, “तांत्रिक म्हणजे कुणी केलं?”

“मी,” खणकर म्हणाले.

तो त्यांच्या शेजारी बसला. खणकरांनी त्याला सगळं सांगितलं, शून्यासकट, काही न गाळता. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे सिस्टरचा त्रास कमी व्हावा म्हणून केलंत.”

“हो.”

“तीच ना ती, उंच, चष्मा? हिची वेणी घालून द्यायची ती.” तो नखातला रंग खरवडू लागला. “इथे येताना मी ठरवून आलो होतो, कोण ते कळलं की धरायचा आणि चोपायचा. तुम्ही हरामखोर निघाला असतात तर बरं झालं असतं हो. घरी जाऊन झोप तरी लागली असती.”

खणकरांनी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने हाताने नको म्हटलं आणि विचारलं, तिचे कपडे आणि डबा कुठल्या खिडकीवर मिळतील. खणकर उठून त्याच्याबरोबर खिडकी दाखवायला गेले. तिथे जेवणाची सुट्टी होती, म्हणून दोघंही बाहेर उभे राहिले.