पगडीखालची मलमल

गणोजी शेळके सत्ताविसाव्या वर्षी चोपदार झाला. देवासला भैयासाहेब जहागीरदारांच्या हवेलीत बैठकीबाहेर चांदीची काठी धरून उभं राहायचं, आल्या माणसाची वर्दी द्यायची, एवढंच काम. त्याचे वडील खंडोजी यांनी तीस वर्षं तेच केलं होतं. मुलगा त्याच दारात उभा राहिला त्या दिवशी म्हाताऱ्याने शेजारपाजारी गूळ वाटला.

पगडी हवेलीची असे. लाल, बांधीव, खळ लावून पीळ पक्के बसवलेली. चोपदार चार आणि पगड्या दोन. सकाळचा माणूस दारावरून उतरला की दुपारचा तीच पगडी डोक्यावर चढवायचा. आतलं कापड तेव्हा दुसऱ्याच्या घामाने ओलं असे. धुवायची सोय नव्हती, पाणी लागलं की पीळ सुटत. वाळवायला वेळ नव्हता. शिवाय गणोजीचं डोकं मोठं, म्हणून पगडी दाबून बसवावी लागे. ती हलू नये म्हणून तो केसांची गाठ माथ्यावर ओढून बांधायचा. सात-आठ तास तशी.

पहिलं वर्ष निभावलं. एकोणीसशे आठच्या चैत्रात कपाळावर, पगडीच्या काठाखाली, पुटकुळ्या उठल्या. मग मानेवर, मग माथ्यावर. खाज इतकी की बैठकीबाहेर उभं असताना त्याला काठीची मूठ घट्ट आवळून धरावी लागे. हात वर नेला असता तर पंतांनी पाहिलं असतं. मोरोपंत म्हणजे हवेलीचे कारभारी, त्यांची नजर नेहमी दाराकडेच.

त्याच्या बायकोला, दुर्गाला, वाटलं की उन्हाने टाळू कोरडी पडली. ती रोज संध्याकाळी वाटीभर तिळाचं तेल त्याच्या डोक्यात जिरवू लागली. मनापासून करत होती. पण पुटकुळ्यांची गळवं झाली. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडू लागले. कानांवरचे केस पातळ होऊन आतली कातडी दिसायला लागली.

शेवटी तो शालिग्राम न्हाव्याकडे गेला. शालिग्राम माळव्यातलाच, बोलणं अर्धं माळवी, अर्धं मराठी. त्याने गाठ सोडली, केस बाजूला सारले आणि बोटांना लागलेलं तेल हुंगलं.

"भिया, रोज तेल घालता?"

"हो. दुर्गा घालते."

"पहिलं ते बंद करा. आत घाम, वर तेल, त्यावर दुसऱ्याची पगडी. केसांच्या मुळाशी मळ कोंडला तर फोड नाही येणार तर काय? आणि ही गाठ. इतकी ओढून बांधता, कानांवरचे केस मुळासकट येतायत. असंच चाललं तर ते परत उगवणार नाहीत."

त्याने केस बारीक कापले. कडुलिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी करून डोकं धुवा म्हणाला. नखं लावू नका, फोड दाबू नका. धुतल्यावर पुरतं वाळू द्या, ओल्या डोक्यावर काही चढवू नका. मलमलीच्या पातळ टोप्या शिवून घ्या, पगडीखाली घाला, दर अर्ध्या दिवसाला एक बदला, उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाका. "आणि पंधरा दिवस डोकं उघडं राहिलं तर फार बरं," तो म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं, ते होण्यातलं नाही.

दुर्गाने जुनं मलमलीचं धोतर फाडून चार टोप्या शिवल्या. खंडोजींनी त्या दोरीवर वाळताना पाहिल्या.

"हे बाळाचं टोपडं कुणासाठी?"

"मामंजी, त्यांच्या डोक्याला फार त्रास आहे."

"मला नव्हता?" म्हातारा म्हणाला.

गणोजी ओसरीवर बसला होता. तो म्हणाला, "आबा, तुम्ही घरातसुद्धा मुंडासं काढत नाही. आम्ही तुमचं डोकं कधी पाहिलंच नाही."

खंडोजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश मुंडासं सोडलं. कपाळाच्या वर, दोन्ही कानांवरून मागेपर्यंत, चार बोटं रुंद पट्टा होता. गुळगुळीत, चकचकीत, एकही केस नाही. मध्ये मध्ये जुन्या गळवांचे खड्डे.

"ही नोकरीची खूण," ते म्हणाले. "मी तोंडातून ब्र काढला नाही."

त्यांनी परत मुंडासं बांधलं. दुर्गा आत निघून गेली. गणोजीला वडिलांची कीव आली आणि भीतीही वाटली. त्या रात्री त्याने टोपी घडी करून बंडीत ठेवली.

टोपीने फरक पडला. आठ-दहा दिवसांत नवे फोड येणं थांबलं, खाज निम्म्यावर आली. तरी पगडी तीच, आणि ती दुसऱ्यांच्या डोक्यावरून यायची. गणोजीने धीर करून मोरोपंतांना विचारलं, "पंत, चौघांना चार पगड्या मिळतील का? निदान आतलं कापड बदलून घेता येईल का?"

"आजवर कुणी मागितल्या?" पंतांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

वैशाखात भैयासाहेबांकडे इंदूरचे पाहुणे आले. सकाळपासून बैठक होती. बाहेर लूचा तापलेला वारा सुटला होता. दुपारपर्यंत गणोजीची टोपी भिजून चिंब झाली आणि पगडीच्या काठाखालून बोटभर खाली सरकली. पाहुण्यांना पोचवायला मोरोपंत दाराशी आले आणि त्यांना ती पांढरी कड दिसली. पाहुणे गेल्यावर त्यांनी गणोजीला देवडीत बोलावलं.

"हे काय? दारावरचा माणूस आहेस की बाळंतीण? काढ ते."

"पंत, आत फोड आहेत. ती काढली तर पगडी थेट लागते."

"काढ म्हणालो ना."

पगडी काढल्याशिवाय टोपी निघत नव्हती. गणोजीने दोन्ही हातांनी पगडी उतरवली, खाली दगडावर ठेवली, मग टोपी काढली आणि तसाच उघड्या डोक्याने उभा राहिला. देवडीत कुणी उघड्या डोक्याने उभं राहत नसे, तो धन्याचा अपमान. पगडी दाबून बसवलेली होती. काठाखालची खपली निघाली होती आणि कपाळावरून रक्ताची रेघ ओघळत होती. पंतांनी ती पाहिली. ते मागे सरकले. नंतर त्यांनी पगडीकडेही पाहिलं, पण तिला हात लावला नाही.

"उद्यापासून दारावर येऊ नकोस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

चार दिवसांनी हवेलीतून निरोप आला. जहागिरीची थोडी जमीन टोंकखुर्दकडे होती, तिथल्या कोठारावर राखणीला जायचं. तिथे पगडी नव्हती. स्वतःचा सुती रुमाल स्वतः गुंडाळायचा आणि झाडाखाली बसलं की काढून मांडीवर ठेवायचा. दुर्गा बरोबर गेली. खंडोजी आले नाहीत. "दारावरून उतरलेल्या माणसाच्या घरी मी जेवत नाही," एवढंच म्हणाले.

पावसाळ्याच्या अखेरीस गणोजीचं डोकं बरं झालं. माथ्यावरचे केस दाट झाले. कानांवरचे आले नाहीत. दुर्गा तिथे रोज बोट फिरवून बघायची, मग तिने बघणं सोडलं.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या जागी आलेला माधव टोंकखुर्दला आला. पोरसवदा नव्हता, तिशीचा होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग डोक्यावरचा रुमाल न काढताच म्हणाला, "वहिनी, ती टोपी कशी बेतायची?"

दुर्गाने विचारलं, "पंत दिसू देतील?"

"नाही. अगदी आखूड बेतून द्या."

तिने दोन बेतून दिल्या. कड आत दुमडून शिवली. गणोजीने त्याला कडुलिंबाच्या पाण्याचं सांगितलं, तेल बंद करायचं सांगितलं, गाठ सैल बांधायचं सांगितलं. आबांची खुशाली विचारायची मात्र राहिली. माधव वळणापलीकडे गेल्यावर त्याला ते आठवलं. तो धावत गेला नाही. कोठाराच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.